फासा कितीही टाका, आलेख सपाटच

> "फासा दहा हजार वेळा टाकला, तरी आलेख सपाटच. केंद्रीय सीमा प्रमेयात सांगितलेला घंटेच्या आकाराचा आलेख कुठे आहे?"

एकेका फाशाचे आकडे मोजलेत तर टाकण्या वाढवून सपाटपणाच जास्त ठळक होणार. दोन फासे एकदम टाकून बेरीज लिहा: ३६ शक्यतांपैकी ७ सहा प्रकारे येतो, २ मात्र एकाच. झाला त्रिकोण! आता दर वेळी दहा फाशांची सरासरी घ्या. ३.५ भोवती घंटा उभी राहते आणि प्रमाण विचलन १.७१ वरून ०.५४ वर येतं. (मुलं नेमकी इथेच गोंधळतात: दहा हा नमुन्याचा आकार, दहा हजार ही नुसती पुनरावृत्ती.)

मात्र ज्याचा छापा ५ टक्केच पडतो असं नाणं दहादा उडवलंत, तर सुमारे ६० टक्के वेळा छापा शून्य. सगळा ढीग डावीकडे. तिथे एका नमुन्यात दोनशे तरी फेकी हव्यात.