बाळंत होताच तांबी, की सव्वा महिन्यानं?

प्रश्न (राधानगरी): बहिणीचं दुसरं बाळंतपण आहे, ती माहेरी आलीय. डॉक्टर म्हणतात, वार पडली की लगेच तांबी बसवू. तिच्या सासूबाई म्हणतात, ती निसटते, सव्वा महिन्यानं बसवा. काय करावं?

पाटीलकाका, कागल: सासूबाईंचं बरोबर आहे. पिशवी तेव्हा एवढी मोठी असते की तांबी राहणार कशी? वरनं जंतूही जाणार.

सिस्टर, लेबर रूम: काका, निसटण्याचं अर्धं खरं. नॉर्मल बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्यांत शंभरात साधारण दहा-पंधराजणींची पडते, सिझरमध्ये बरीच कमी. सहा आठवड्यांनी बसवली तर दोन-तीनच. जंतूंचं म्हणाल तर ताप असेल, पाणमोट फुटून अठरा तास उलटले असतील किंवा रक्तस्राव आटोक्यात नसेल, तर आम्ही बसवतच नाही.

बसवण्याचं कसबही आहे. वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत, लांब वाकड्या चिमट्यानं तांबी पिशवीच्या पार माथ्यापर्यंत न्यायची. दुसरा हात पोटावरून माथा चाचपत असतो. चिमटा काढताना तो जरा उघडा ठेवून बाजूनं काढायचा, नाहीतर तांबी त्याच्यासोबतच खाली येते. खाली राहिलेली तांबी आकसणारी पिशवी ढकलून देते.

आता हिशोब करा. शंभरजणी थांबल्या आणि समजा पन्नासच परत आल्या, तर अठ्ठेचाळीसजणींकडे तांबी. लगेच बसवली तर पंच्याऐंशी. पण ज्या बाईचं परत येणं पक्कं आहे, तिला थांबणं सरस.

इचलकरंजीची सून: माझी पडली होती, मला कळलंच नाही. अंगावरून जात होतं, त्यातच गेली असणार. माहेरहून तीन महिन्यांनी आले, तपासणी राहिली आणि पुन्हा दिवस गेले. पडली तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाटीलकाका: बघा! मी म्हणत नव्हतो?

सिस्टर: ताई, हे सांगायलाच हवं होतं. सहा आठवड्यांनी तपासणी झालीच पाहिजे. तोवर तांबीचा दोरा आपोआप खाली उतरतो. दिसला नाही तर घाबरायचं नाही, सोनोग्राफीत तांबी आहे का बघायचं. अचानक कळा आल्या, रक्त जास्त गेलं, दोरा लांब झाला किंवा हाताला टोक लागलं, तर ती अर्धी उतरलीय. लगेच या, आणि तोवर निरोध वापरा. दुसरी बसवता येते.

गारगोटीवाली: तांबीनं वजन वाढतं का?

सिस्टर: नाही. तिच्यात हार्मोन नसतात, तांबं असतं.

शाहूपुरी, वकीलबाई: माझा आक्षेप वेगळा. कळा देणाऱ्या बाईला विचारून सही घेतात, त्याला मी संमती मानत नाही. हे सातव्या-आठव्या महिन्यातच बोलायला हवं.

सिस्टर: मान्य. पण नाव न नोंदवता थेट कळा घेऊनच येणाऱ्या बाईचं काय करू? तिला तर विचारलंच नाही असं व्हायला नको.

वकीलबाई: बाळंत झाल्यावर शांतपणे विचारा. बसवायला अठ्ठेचाळीस तास आहेत ना?

सिस्टर: आहेत. पण दहा मिनिटं उलटली की पडण्याचा धोका आणखी वाढतो.

प्रश्नकर्ता: बहिणीला नववा लागलाय. सासरी चंदगडला जाणार, दवाखाना दोन बस बदलून. उद्या तिलाच विचारतो.