अनुभव धागा: वॉशिंग मशीनच्या पडद्यावर OE किंवा dE, आत पाणी आणि दार बंद

मांजराकाठ (लातूर)

आज सकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारून मशीनच्या पडद्यावरची, पाणी बाहेर निघत नसल्याचे सांगणारी OE ही अक्षरे दाखवली आणि मला २०१६ चा उन्हाळा आठवला. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते, त्या दिवसांत धुण्याचे पाणी गटारात सोडणे कोणाच्याही मनाला पटत नसे. आमच्या गल्लीत मशीनचा ड्रेन पाइप लांबवून तो संडासासाठी भरून ठेवायच्या पिंपात सोडण्याची सोय घरोघर झाली आणि पाणी बरे येऊ लागले तरी ती तशीच राहिली. काकूंच्या मशीनचे दुखणे याच सोयीत निघाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मशीन समोरून दार असलेले आहे. काचेतून अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होते, कपडे आत अडकले होते आणि दार उघडत नव्हते. दाराचे लॉक बिघडले असे समजून काकूंचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होता, त्याला मी आधी थांबवले. आत पाणी असेपर्यंत मशीन दार उघडू देत नाही, त्यामुळे बंद राहिलेले दार हा बहुतेक वेळा वेगळा बिघाड नसून पाणी न निघाल्याचाच परिणाम असतो. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढला, नळाची तोटी बंद केली आणि पाणी गरम नाही ना, हे काचेला हात लावून पाहिले. गरम पाण्याची धुलाई असती तर ते निवेपर्यंत थांबलोच असतो.

खाली उजव्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडल्यावर आत एक बारीक नळी आणि फिल्टरची गोल मूठ दिसते. ती नळी जमिनीला इतकी लागून असते की तिच्याखाली बादली बसत नाही, तेथे परातच लागते. नळीचे बूच काढायचे, परात भरत आली की बूच लावायचे, परात रिकामी करायची आणि पुन्हा तेच करायचे. पाणी पूर्ण थांबल्यावरच फिल्टरची मूठ डावीकडे सावकाश फिरवली. आत दोऱ्यांचा गुंता आणि एक सेफ्टी पिन निघाली, परंतु वाट पूर्ण बुजेल इतके काही नव्हते. फिल्टर धुऊन घट्ट बसवला, दार उघडून कपडे काढले, थोडे पाणी घेऊन नुसती पिळण्याची फेरी लावली, तर पंपाचा आवाज येत राहिला आणि काही मिनिटांनी पुन्हा OE दिसले.

मग पाइपाकडे लक्ष गेले. त्याचे टोक खांद्याइतक्या उंच पिंपाच्या काठावर होते आणि मध्ये बागेला पाणी घालण्याचा बारीक पाइप जोडलेला होता. तो जोड काढून मूळ पाइपाचे टोक मोरीत खाली धरले आणि फेरी पुन्हा लावली, तेव्हा पाणी धो धो निघाले. पंपात जोर होता, त्याला चढण आणि अरुंद वाट सोसत नव्हती. तुमच्याकडे असे कधी झाले, तेव्हा काय तपासले आणि काय निघाले, ते जरूर लिहा.

कैरीचं लोणचं

ताई, परातीची गोष्ट अगदी खरी आहे. माझ्या मशीनच्या फिल्टरमध्ये धाकट्याच्या शाळेच्या गणवेशाचे बटण आणि दोन रुपयांचे नाणे निघाले होते. तेव्हापासून खिसे तपासल्याशिवाय एकही कपडा आत जात नाही. पोळ्या टाकता टाकता लिहिते आहे, बाकी नंतर.

वसमतकर

यात एवढे करायची गरज नसते. प्लग काढून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा लावावा, कोड निघून जातो. आमच्याकडे दार नीट न लागल्याचे dE आले होते, तेव्हा एवढ्यानेच काम झाले. बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात, त्यासाठी महिन्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिड टाकून रिकामी फेरी लावावी, म्हणजे असले कोड येतच नाहीत.

सातवा मजला (छत्रपती संभाजीनगर)

वसमतकर, आपले म्हणणे dE पुरते बरेचसे खरे आहे, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. घरगुती मशीनची दुरुस्ती हाच माझा बरीच वर्षे व्यवसाय आहे. दाराच्या लॉकमध्ये तापून आकार बदलणारी एक पट्टी असते आणि वीज गेल्यावर ती निवायला एक ते तीन मिनिटे लागतात. त्यामुळे प्लग काढून थांबल्यावर अडकलेले लॉक पुष्कळदा सुटते. पण OE असेल तर वीज बंद केल्याने पाणी कोठेही जात नाही. पडद्यावरची अक्षरे पुसली जातात आणि पाणी काढण्याची वेळ आली की पुन्हा उमटतात. क्षारांचा थर मुख्यतः पाणी तापवणाऱ्या कॉइलवर बसतो. सायट्रिक अ‍ॅसिडने तो निघतो, परंतु फिल्टरमधली पिन किंवा दोऱ्यांचा गुंता त्याने विरघळत नाही.

मांजराकाठ ताई, आपण नीट केलेत. क्रमाबद्दल एक सुचवतो. प्लग काढल्यावर परातीआधी ड्रेन पाइपाचे टोक मोरीत जमिनीवर आणून पाहावे. कित्येकदा पाणी आपोआप वाहू लागते. तसे झाले तर आतली वाट मोकळी आहे आणि दोष पाइपाच्या उंचीत किंवा पिळात आहे, हे लगेच कळते. वाहिले नाही तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण काही मशीनच्या मागे पाइपाला वर चढवून वळण दिलेले असते. मग परात आहेच. हे फक्त तपासण्यापुरते करावे. पाइप कायम खाली ठेवला तर धुताना भरलेले पाणी आपोआप निघून जाते आणि मशीन पाणी घेतच राहते. बहुतेक पुस्तिकांत टोकाची उंची जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते, आपल्या मशीनचा आकडा तेथे पाहावा. पिंपात सोडायचे असेल तर पिंप बुटके घ्यावे आणि पाइपाचे टोक पाण्यात बुडू देऊ नये, नाहीतर पिंपातले पाणी उलट मशीनमध्ये खेचले जाऊ शकते.

गोदातीर (नांदेड)

आमच्या मशीनवर UE येते आणि ती पिळताना दणदण हलते. चादरी टाकल्या की हमखास होते. फिल्टर साफ करून पाहू का?

सातवा मजला

दादा, UE हा वेगळा विषय आहे. एकच जड चादर पाणी पिऊन एका बाजूला गोळा झाली की बहुतेक मशीन हे दाखवतात. दोन-तीन लहान कपडे सोबत टाका आणि मशीनचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत का, ते पाहा. कंपनीगणिक अक्षरे बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. पाणी न निघण्याला कोणाकडे OE, कोणाकडे 5E, तर कोणाकडे E18 असते, म्हणून शेजाऱ्याच्या कोडवरून आपला अर्थ लावू नये.

बालाघाट (बीड)

फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारून पाहिले, तर पंपाचा लहान पंखा दिसतो. लाकडी काडीने फिरवला तर तो सरळ न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आमच्याकडच्या माणसाने हे पाहून पंप गेला असे सांगितले आणि नवा पंप बसवायला लावला. नव्या पंपाचा पंखाही अगदी तसाच फिरत होता, तेव्हापासून मनात शंका आहे.

सातवा मजला

आपली शंका रास्त आहे. त्या पंपात चुंबक असते, त्यामुळे असे अडखळणे हे पंप ठीक असल्याचे लक्षण आहे. पंखा अजिबात फिरत नसेल, सैल होऊन डुलत असेल किंवा त्याची पाती तुटलेली असतील, तर दोष आहे. अर्थात पंखा ठीक असून पंपाची गुंडाळी जळलेली असू शकते, म्हणून तुमच्या त्या माणसाने चुकीचे सांगितले, असे मी येथून म्हणू शकत नाही. कानानेही बरेच कळते. घुमण्याचा आवाज येतो पण पाणी हलत नाही, म्हणजे वाट किंवा पंखा अडलेला आहे. पाणी काढण्याची वेळ आली तरी काहीच आवाज नाही, म्हणजे पंप, वायर किंवा बोर्ड, आणि तेथून पुढे घरी काही करू नये. ड्रम पूर्ण कोरडा असून OE येत असेल, तर पाण्याची पातळी ओळखणाऱ्या बारीक नळीत साबणाचा गाळ बसलेला असतो किंवा तो भागच गेलेला असतो. ते काम मशीन उघडूनच करावे लागते.

कैरीचं लोणचं

परत आले. दाराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. आमच्याकडे dE येत असे, तेव्हा दाराच्या रबरी कडेत नेहमी मोज्याची किंवा ओढणीची किनार अडकलेली असायची. आता दार लावण्यापूर्वी कडेवरून बोट फिरवते आणि लॉकच्या बाजूने दाबून ‘टक्’ असा आवाज ऐकते. जोराने आपटू नये, आतला आकडा प्लास्टिकचा असतो.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. उंचीचा आकडा काकूंना सांगितला, त्यांनी पिंप बदलायचे ठरवले आहे. काका, काही मशीनमध्ये त्या झडपेमागे दार उघडण्याची एक दोरी असते म्हणे. ती ओढावी का?

सातवा मजला

असेल तर ओढता येते, पण प्लग काढलेला हवा, ड्रम थांबलेला हवा आणि पाणी काचेच्या खालच्या कडेच्याही खाली गेलेले हवे. अन्यथा सगळे पाणी एकदम अंगावर येते आणि ते गरम असेल तर भाजते. मशीनच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा प्लगजवळ पाणी साचले असेल, तर यातले काहीही न करता मेन स्विच बंद करून माणूस बोलवावा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

हिवरा (परभणी)

आमच्याकडे dE फक्त संध्याकाळी येते. कडेत कपडा नसतो, दार नीट लागते, लॉक तीन-चार वेळा टकटक करते आणि कोड येतो. सकाळी तेच मशीन विनातक्रार चालते. संध्याकाळी आमच्या भागात व्होल्टेज पडते, दिवेही मंद होतात. व्होल्टेजमुळे असे होत असेल का?

वसमतकर

स्टॅबिलायझर लावा, निश्चित फरक पडेल.

सातवा मजला

पडेलही, पण आधी स्टॅबिलायझरवर पैसे घालवू नका. संध्याकाळी कोड येईल तेव्हा मीटरजवळ किंवा सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात, ते वायरमनकडून मोजून घ्या. आकडा फार खाली नसेल, तर लॉकचे आतले संपर्क झिजले असण्याची शक्यता अधिक आहे आणि तेव्हा लॉकच बदलावे लागते. टकटक करून न लागणारे लॉक घरी उघडू नये.

हिवरा (परभणी)

बरे, वायरमन उद्या येतो म्हणाला आहे. आकडा येथेच लिहितो. तोपर्यंत धुणे सकाळीच उरकतो आहोत.