मदत हवी आहे: दोन पाकिटं, गहू एकावरच लिहिलाय. दुसरं चालेल ना?

अनुजा_र
लवकर उत्तर हवंय. समोर मक्याच्या चिप्सची दोन पाकिटं आहेत, एकाच कंपनीची. साध्या मिठाच्या पाकिटावर खाली लिहिलंय, 'गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले'. मसालेदारवर तसं काही नाही, आणि अ‍ॅलर्जनच्या ओळीत फक्त दूध आणि सोया आहे. म्हणजे मसालेदार घ्यायचं, साधं ठेवून द्यायचं, बरोबर? उद्या सकाळी मुलाची सहल आहे, डबा आजच भरायचाय. फक्त हो की नाही सांगा.

केदार_ज
हो की नाही सांगायला आधी कळू दे की मुलाला नेमकं काय आहे. गव्हाची अ‍ॅलर्जी की सिलिअ‍ॅक? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

पाऊलवाट
मी ग्लूटेन सोडून सहा किलो वजन उतरवलं. मक्याच्या चिप्सपेक्षा भाजलेले मखाणे द्या, तेल कमी पोटात जातं.

अनुजा_र
वजनाचा प्रश्न नाहीये हो. सिलिअ‍ॅक आहे, गेल्या वर्षी बायोप्सीत निघालं. मला वाटलं ग्लूटेन म्हटल्यावर ते कळेलच.

शर्वरी
अनुजाताई, तुमच्या प्रश्नात ग्लूटेन हा शब्दच नाही, फक्त गहू आहे. मसालेदार पाकिटामागची घटकांची यादी पूर्ण टाइप करा. मसाल्याच्या पुढच्या कंसातलं तर सगळंच. आणि 'ग्लूटेन फ्री' असं कुठे छापलंय का, तेही बघा.

अनुजा_र
मका, तेल, मसाला (मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, दुधाची पावडर, सोया प्रथिन, कांदा पावडर, जवाच्या माल्टचा अर्क, यीस्टचा अर्क, लाल मिरची). ग्लूटेन फ्री दोन्हींवर नाही. सगळं लिहिलंय, आता सांगा.

विनय७७
माल्टोडेक्स्ट्रिन आलं की संपलं. माल्ट म्हणजे जव. आम्ही घरात तो शब्द दिसला की पाकीट परत ठेवतो.

शर्वरी
विनयदादा, पाकीट परत ठेवायचं हे खरं, पण कारण ते नाही. माल्टोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून करतात, बहुतेक वेळा मक्याच्या. गव्हाच्या स्टार्चपासून केलं तरी प्रक्रियेत प्रथिन जवळपास उरत नाही. म्हणून तर युरोपात गव्हापासून केलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनला आणि ग्लुकोज सिरपला अ‍ॅलर्जन म्हणून दाखवण्यातून सूट आहे. त्या शब्दावरून पाकिटं नाकारली तर मुलाला खाता येण्यासारखं बरंच काही उगाच हातचं जाईल.

अडचण त्याच कंसात थोडी पुढे आहे: जवाच्या माल्टचा अर्क. जवात ग्लूटेन असतं आणि या अर्कात ते पूर्ण निघून गेलेलं नसतं. अनुजाताई, मसालेदार पाकीट नको, यात शंका नाही.

अनुजा_र
पण मग अ‍ॅलर्जनच्या ओळीत का नाही? ती ओळ खोटी आहे का?

शर्वरी
खोटी नाही, तिचं काम वेगळं आहे. अमेरिकेच्या कायद्यात त्या ओळीत गहू दाखवणं सक्तीचं आहे, जव नाही. युरोपात ग्लूटेन असलेली सगळी धान्यं दाखवावी लागतात, त्यात जव आणि राय आले. पाकीट कुठल्या नियमाखाली छापलंय त्यावर ती ओळ काय सांगते ते ठरतं. म्हणून तिथे गहू दिसला तर पाकीट लगेच ठेवून द्या. नाही दिसला तर वर जाऊन पूर्ण यादी वाचा. जव, राय, माल्ट, माल्ट व्हिनेगर हे तिथे सापडतात, आणि चिप्समध्ये ते बहुतेक वेळा मसाल्याच्या कंसातच असतात. म्हणून एका चवीची यादी वाचून त्याच कंपनीची दुसरी चव घेऊ नये.

यीस्टच्या अर्कावरही थांबा. तो कधी कधी बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून करतात, आणि बिअर जवाची. स्रोत लिहिलेला नसेल तर विचारावं लागतं.

केदार_ज
यादी पटली. आता साध्या मिठाचं. मका, तेल, मीठ. माझ्या मते ते खुशाल द्या. 'कारखान्यात गहू हाताळतात' हे कंपन्या स्वतःला वाचवायला लिहितात. माझी मुलगी सिलिअ‍ॅक आहे, ती असल्या चिप्स खाते आणि तिच्या रक्ततपासणीत टीटीजी अँटिबॉडी नॉर्मल आहे.

शर्वरी
केदारदादा, टीटीजी महिनोन्महिने हळूहळू उतरतं. अधूनमधून थोडं ग्लूटेन पोटात गेलं तर ते त्यात दिसेलच असं नाही. तुमच्या मुलीला त्रास नाही हे चांगलंच आहे, पण त्यावरून या पाकिटाबद्दल काही ठरत नाही.

इशाऱ्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. तो बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. एक कंपनी सावधगिरी म्हणून छापते, दुसरी त्याच यंत्रावर गव्हाचा माल काढूनही छापत नाही. त्यामुळे इशारा दिसला म्हणजे ग्लूटेन आहेच असं नाही, आणि दिसला नाही म्हणजे नाहीच असंही नाही. अनुजाताईंची दोन पाकिटंच बघा: इशारा नसलेल्यात जव निघाला.

मोजमाप येतं ते 'ग्लूटेन फ्री' या दाव्यात. त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी किलोला २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत झेपतं असं मानतात. आता त्याच पट्ट्यावर आधी गव्हाचा माल गेला आणि पाव ग्रॅम पीठ एका पाकिटात उतरलं, तर २० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन त्या एका पाकिटात आलं. डोळ्याला दिसणारही नाही. दावा छापलेला असेल तर मिसळण्यातून आलेलं ग्लूटेनही त्या मर्यादेत धरलेलं असतं, त्यामुळे दावा आणि कारखान्याचा इशारा एकाच पाकिटावर असले तरी मी घेते. दावा नसेल आणि इशारा असेल, तर मी कंपनीला विचारल्याशिवाय घेत नाही.

तांबडफुटी
घरी तपासायचे किट मिळतात ना. दोन चिप्स कुटून टाकल्या की पट्टीवर रेष येते. मी सगळं त्यावरच ठरवते, लेबल वाचायची कटकट नाही.

शर्वरी
किट त्या दोन चिप्सबद्दलच सांगतं. पीठ सगळ्या पाकिटात सारखं पसरलेलं नसतं. शिवाय माल्टसारख्या पदार्थात प्रथिनाचे तुकडे झालेले असतात, ते काही चाचण्यांच्या पकडीत येत नाहीत. रेष आली तर खाऊ नका. आली नाही तर त्यावर विसंबून राहू नका.

पाऊलवाट
ओट्सचे बार चालतील का मग? ते तर गहू नाहीत.

केदार_ज
ओट्ससाठी वेगळा धागा काढा, तिथे शेतापासूनच गहू मिसळतो. इथे नको.

अनुजा_र
डब्यात फळं आणि उकडलेली अंडी दिली. कंपनीला लिहायचं असेल तर नेमकं काय विचारू?

शर्वरी
'ग्लूटेन आहे का' असं विचारलं तर लेबल वाचा असं उत्तर येतं. हे विचारा: गव्हाचा माल त्याच यंत्रावर निघतो की फक्त त्याच इमारतीत? मधे सफाई ओली करतात की कोरडी? आणि तयार मालाची ग्लूटेनसाठी चाचणी होते का, किती मालामागे? पाकिटावरचा बॅच नंबरही द्या.

अनुजा_र
उत्तर आलं. साध्या मिठाच्या चिप्सना वेगळं यंत्र आहे, गव्हाचा माल त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूला निघतो. सफाई ओली. चाचणी करत नाहीत.

केदार_ज
वेगळं यंत्र आहे, मग अजून काय हवं? द्या.

शर्वरी
मी नाही देणार. मक्याचं पीठ ते बाहेरून आणत असतील तर गहू गिरणीतही मिसळू शकतो, आणि चाचणी नसल्यावर ते कळायला मार्गच नाही. पीठ कुठून येतं, ते एकदा विचारून बघा.

विनय७७
माझं मत केदारच्या बाजूने. पण रोज नाही, कधीतरी.

अनुजा_र
पिठाचं विचारलंय. उत्तर येईपर्यंत पाकीट वरच्या फडताळात ठेवलंय.