मदत हवी आहे: एका पानाच्या रेझ्युमेत काय ठेवू, काय काढू?

मंडळी, मुंबईत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फायनल प्लेसमेंट तोंडावर आलीय. रेझ्युमे एकाच पानाचा. समर इंटर्नशिप बिस्किट कंपनीत, सेल्समध्ये केली: दादर ते कुर्ला 120 किराणा दुकानं फिरून माल मध्येच का संपतो ते शोधलं. मी सुचवलेला ऑर्डरचा वार 40 दुकानांत लागू झाला. हा आकडा सर्टिफिकेटवर नाही, मेंटॉरच्या मेलमध्ये आहे. प्लेसमेंट कमिटीला पुरावा म्हणून मेल चालतो का?

सेल्सच हवंय, म्हणून इंटर्नशिपला चार ओळी देऊन फायनान्सचा लाइव्ह प्रोजेक्ट उडवावा म्हणते. सीनिअर म्हणतात, ठेव, बँका आल्या तर कामी येईल. मला तर ती खिचडी वाटते. क्लबच्या सेक्रेटरीपदाखाली ‘टीम सांभाळली’ काढून ‘3 लाखांची स्पॉन्सरशिप आणली’ लिहिलंय. पण पैसे सहा जणांनी मिळून आणले, मग माझा वाटा कसा मांडू? शॉर्टलिस्टिंग केलेलं कुणी आहे का इथे?