मदत हवी आहे: २४ बिटवरून १६ बिट करताना डिदरचा नॉइज का मिसळायचा?

तंतुनाद: एका तंतुवाद्याचे २४ बिटचे ध्वनिमुद्रण मला १६ बिटमध्ये द्यायचे आहे. शेवटचा सूर फेड-आउटने विरतो. डिदर न लावता रूपांतर केले, तर तो विरता विरता खरखरीत होतो आणि मग एकदम तुटतो. डिदर लावल्यास तो शेवटपर्यंत टिकतो, मात्र मागे बारीक खसखस राहते. बिट कमी केल्यावर क्वांटायझेशन नॉइज येणारच; मग त्यात आणखी नॉइज घालून आवाज सुधारतो कसा?

खटका: डिदरची गरजच नाही. माइक आणि प्रीअँपचा नॉइज १६ बिटच्या एका पायरीपेक्षा बहुधा मोठा असतो, तोच डिदरचे काम करतो.

शांतपट्टी: फाइल लहानच करायची असेल, तर ३२० केबीपीएसची एमपी३ का करत नाही?

तंतुनाद: फाइलच्या आकाराचा प्रश्न नाही, १६ बिटची वेव्ह फाइलच मागितली आहे.

मंद्रसप्तक: त्या चुकीला आपण नॉइज म्हणतो खरे, पण इतक्या मंद सुरात ती सुराशीच बांधलेली असते. १६ बिटची एक पायरी म्हणजे १ असे धरा. ०.६ उंचीचा १ किलोहर्ट्‌झचा सूर जवळच्या पूर्णांकावर आणला, की शिखरापाशी १, तळापाशी −१ आणि एरवी ० मिळतो. त्यातून ३, ५, ७ किलोहर्ट्‌झवर मुळात नसलेले सूर उभे राहतात. हीच तुमची खरखर. उंची ०.५च्या खाली गेली, की सगळी शून्येच.

आता पूर्णांकावर आणण्याआधी प्रत्येक सॅम्पलमध्ये −०.५ ते +०.५ मधली कोणतीही यादृच्छिक संख्या मिसळा. ०.४ हे मूल्य शंभरात सरासरी चाळीस वेळा १ होईल, उरलेल्या वेळी ०. म्हणजे सरासरीत ०.४ शाबूत राहते. चूक जात नाही, तिचे सुराशी असलेले नाते तुटते. एवढ्याने नॉइजची पातळी मात्र सुराबरोबर वरखाली होत राहते, म्हणून −१ ते +१ पर्यंतचे त्रिकोणी डिदर वापरतात. डिदर नसतानाच्या नेहमीच्या हिशेबापेक्षा त्यात नॉइज सुमारे ४.८ डेसिबलने वाढतो.

खटका यांचा मुद्दा सलग भागापुरता खरा आहे. फेड-आउटमध्ये माइकचा नॉइजही सुराबरोबर दबतो. दोन्ही फाइली करून शेवटचा तुकडा ४० डेसिबलने वाढवा आणि स्पेक्ट्रम पाहा:

```
sox -D in.wav -b 16 plain.wav
sox in.wav -b 16 dith.wav dither
```

पहिल्या आज्ञेतील `-D` आवश्यक आहे, नाहीतर सॉक्स स्वतःहून डिदर लावतो.

खटका: फेड-आउटचे मान्य. तरी जिथे फेड नाही, तिथे मी डिदर लावणार नाही.

तंतुनाद: पाहिले. पहिल्या फाइलीत विषम पटींवर रेघा स्पष्ट दिसतात, दुसरीत सपाट तळ आहे. मग खसखस कमी करण्यासाठी नॉइज शेपिंग लावावे का?

कर्णवेध: मी लावले होते. ऐकताना फार शांत वाटले, पण पुढे कोणीतरी तीच फाइल इक्वलायझरमधून काढून वरच्या पट्ट्या उचलल्या आणि तिथे ढकललेला नॉइज वर आला.

मंद्रसप्तक: फाइलीवर पुढे काम होणार असेल, तर साधे त्रिकोणी डिदर बरे. अंतिम प्रत असेल, तर शेपिंग लावायला माझी हरकत नाही. कर्णवेध यांना ते पटेलच असे नाही.