पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाला किती किलोने सुरुवात करायची? सल्ला हवाय

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी, सोमवारपासून पहिल्यांदाच वेट ट्रेनिंग सुरू करतेय. वय 36, वजन 62 किलो, कुठलंही दुखणं नाही, आजवर चालण्यापलीकडे काही केलेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस जायचंय, स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि शोल्डर प्रेस, प्रत्येकी पाच रेपचे तीन सेट. सगळं नीट लिहून दिलंय पण वजनाच्या रकान्यात नुसतं "योग्य वजन निवडा" एवढंच. आता योग्य म्हणजे किती हे मला कसं कळणार? जिममधले ट्रेनर म्हणाले स्क्वॉटला 40 लावू, होईल तुमच्याकडून. मला वाटतं होईलही, पण झालं म्हणजे ते बरोबर होतं असं असतं का? प्रत्येक व्यायामाचं सुरुवातीचं वजन कसं काढायचं, कुणी सांगेल का.

प्रवीण_क:
62 काही जास्त नाही हो, उंची किती आहे तुमची? उंची कळली तर सांगता येईल किती कमी करायचं ते. सुरुवातीचं वजन रोज सकाळी एकाच वेळी मोजा, नाहीतर पाण्याने एक किलो इकडे तिकडे होतं.

कोरी_पाटी:
अहो माझं वजन नाही, बारवरचं वजन विचारतेय :)

अभि८६:
सोप्पं आहे, आधी मॅक्स काढा. म्हणजे एकच रेप जास्तीत जास्त किती किलोचा निघतो ते बघायचं आणि त्याच्या 60 टक्क्यांनी सुरुवात करायची. मी असंच केलं, सगळे प्रोग्राम टक्क्यांवरच चालतात.

रॅकवाला:
अभि, टक्के चुकीचे नाहीत, पण ते ज्याची उचलण्याची पद्धत बसलेली आहे त्याच्यासाठी. पहिल्या दिवशी मॅक्स काढायला गेलं की ताकद संपायच्या आधी फॉर्म मोडतो, गुडघे आत जातात, पाठ वाकते, आणि जो आकडा मिळतो तो ताकदीचा नसतोच. शिवाय दोन आठवड्यांत तोच माणूस नुसतं शिकल्यामुळे बराच जास्त उचलतो, म्हणजे तो आकडा लगेच शिळा. एवढ्यासाठी पहिल्याच दिवशी जोखीम घ्यायची नाही.

कोरी_पाटी, तुमचा प्रश्न बरोबर आहे, "झालं" आणि "बरोबर होतं" यात फरक आहे. मी नवीन लोकांना असं करायला लावतो. स्क्वॉट घ्या. आधी बिनवजनाचे पाच-सहा, मग रिकामा बार, तो बहुतेक 20 किलोचा असतो पण विचारून घ्या, काही जिममध्ये 15 चा पण असतो. रिकाम्या बारने पाच रेप. सहज गेले तर 5 किलो वाढवा, परत पाच, परत 5 वाढवा, मध्ये दोन मिनिटं बसा. आणि लक्ष एकाच गोष्टीवर, वर येण्याचा वेग. मोबाइल बाजूने लावून व्हिडिओ काढा आणि पहिला रेप आणि पाचवा रेप लागोपाठ बघा. दोन्ही सारख्याच वेगाने वर येत असतील तर पुढे जा. ज्या सेटला पाचवा रेप पहिल्यापेक्षा उघड उघड हळू आला, किंवा आकार बदलला, तिथे थांबायचं, तो सेट तुमची त्या दिवसाची हद्द. कामाचं वजन म्हणजे त्याच्या एक पायरी खालचं, आणि तीन सेट त्यावर करायचे.

एक पायरी खाली का, तर हद्द आपण एका सेटवर शोधली, काम मात्र तीन सेटचं आहे. पहिला सेट सोपा गेला तरी तिसऱ्या सेटला पाय थकलेले असतात. आणि नवीन माणसाला "अजून किती रेप निघाले असते" हे ओळखता येत नाही, कुणी म्हणतं दोन, प्रत्यक्षात निघतात सहा, तर कुणाचं उलटं. म्हणून मी अंदाज विचारत नाही, वेग बघतो. साधारण तीन-चार रेप शिल्लक राहतील असं वजन त्यातून आपोआप पडतं.

रॅकमध्ये आडव्या सुरक्षा दांड्या असतात, त्या सगळ्यात खाली गेल्यावर बार जिथे येतो त्याच्या जरा खाली लावायच्या, मगच सुरुवात.

सुमेधा:
अगं, माझं ऐक, हलकंच घे. मला पहिल्याच दिवशी "होतंय की" म्हणत लेग प्रेसला प्लेटवर प्लेट लावत नेलं, उचललं मी सगळं, खूप छान वाटलं. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, कठडा धरून आडवी उतरत होते. पुढची दोन्ही सेशन बुडाली आणि परत गेले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. मला अजून कळलं नाही, मशीनवर 60 लिहिलेलं असताना एवढं सोपं कसं गेलं?

रॅकवाला:
सुमेधाताई, मशीनवरच्या आकड्याचा बारच्या किलोंशी संबंध जोडू नका. लेग प्रेसमध्ये गाडी तिरकी सरकते म्हणून पूर्ण वजन पायांवर येत नाही, केबलच्या मशीनमध्ये पुली किती आणि कशा लावल्यात त्यावर जोर अर्धासुद्धा होतो. एका मशीनचा 40 दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या 40 सारखा नसतो. वहीत मशीनचं नाव आणि पिन कितव्या खाचेत होती तेच लिहायचं.

दुखण्याबद्दल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि मग उतरतं, ते नेहमीचं. पण दुखण्याबरोबर भाग सुजून कडक झाला, अशक्त वाटायला लागलं आणि लघवी गडद तपकिरी झाली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. स्नायू फारच तुटले की असं होतं आणि त्याने किडनीला त्रास होतो. नवीन माणसाने पहिल्याच दिवशी खूप जास्त केलं तर हे होऊ शकतं.

कोरी_पाटी:
सोमवार झाला, मंगळवारी लिहितेय. स्क्वॉट असं झालं: रिकामा बार 20 पाच रेप, मग 25, मग 30, तिन्ही सारखे. 35 ला चौथ्यापर्यंत ठीक आणि पाचवा मात्र मधे अडकल्यासारखा हळू आला, व्हिडिओत तर अगदी कळतंय, पहिला एका सेकंदात वर आणि पाचव्याला दोन तरी लागले. मला करताना वाटलं होतं सगळे सारखेच! म्हणून 30 वर आले आणि तीन सेट केले, तिसऱ्यातही वेग तसाच. आज मांड्या जरा जड आहेत पण जिने चढतेय.

बेंचला मात्र गडबड, रिकाम्या बारलाच चौथा हळू आणि पाचव्याला हात थरथरले, बार तिरका झाला. तिथेच थांबले. आता खाली कुठे जायचं, बारच्या खाली तर काही नाही.

मुक्ता:
30 फारच हलकं आहे असं माझं मत. तुला 35 चे पाच निघालेत ना? मग 35 घे. सगळ्यांनी घाबरवून घाबरवून महिनाभर रिकामा बार उचलायचा का? एवढं सांभाळून चाललीस तर काही बदल दिसायच्या आतच कंटाळून सोडशील.

रॅकवाला:
मुक्ता, कंटाळ्याचं तुमचं म्हणणं पटतं. पण हिशोब बघा. दर सेशनला अडीच किलो वाढवायचे तर 30 आणि 35 मधला फरक म्हणजे फक्त दोन सेशन, एक आठवडासुद्धा नाही. उलट 35 ने सुरू करून तिसऱ्या सेटला रेप अडकला, कंबर धरली, की आठवडा जातो. कमी धरल्याची किंमत ठरलेली आहे, जास्त धरल्याची नाही. बुधवारी 30 च ठेवा, वाढवू नका, त्या दिवशी सोमवारचा थकवा अंगात असताना तेच वजन कसं जातं ते कळतं. तिसऱ्या सेटचा शेवटचा रेप सोमवारसारखाच आला तर शुक्रवारी 32.5.

बेंचचं उत्तर खाली आहे, डंबेल. पाच-पाच किलोचे दोन घ्या आणि त्याच पद्धतीने बघा. पण डंबेलची पायरी मोठी असते हे लक्षात ठेवा, 5 वरून 7.5 म्हणजे दोन्ही हात मिळून 10 चे 15, दीडपट. म्हणून तिथे वजन वाढवायच्या आधी रेप वाढवायचे, पाचाचे आठ, आठाचे दहा, तिन्ही सेटला दहा नीट निघाले की मग पुढची जोडी. शोल्डर प्रेसलाही डंबेलच, त्याला तर रिकामा बार बहुतेकांना जड जातो. जिममध्ये 10 किलोचा छोटा बार असला तर विचारा.

कोरी_पाटी:
बुधवार: स्क्वॉट 30 अगदी सारखे गेले. डंबेल बेंच 5-5 चे तीन सेट सहज. शोल्डर प्रेस 4-4, तिसऱ्या सेटचा पाचवा जरा हळू, मग तेवढ्यावरच थांबले. डेडलिफ्टचं मला समजलं नाही. 30 सहज, 35 सहज, 40 सुद्धा सहज, वेग कुठेच कमी नाही. पण 40 च्या व्हिडिओत तिसऱ्या रेपपासून कंबर गोल होतेय. हलकं वाटतंय आणि दिसतंय चुकीचं, मग हद्द कोणती धरायची?

रॅकवाला:
कंबर गोल झाली तीच हद्द, वेग असला तरी. पाय आणि पाठ तुमची 40 ला तयार आहे, कंबर सरळ धरायची सवय अजून नाही. एक विचारतो, प्लेट कुठल्या होत्या? 40 म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा असणार आणि त्या छोट्या असतील तर बार जमिनीच्या फार जवळ राहतो. मोठ्या प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाच्या असतात, त्यांच्यावर बार जमिनीपासून साधारण 22 सेंटिमीटर वर राहतो, छोट्या प्लेटवर बराच खाली, आणि तेवढं वाकायला लागलं की कंबर गोल होतेच. दोन्ही बाजूंना प्लेटखाली सपाट प्लेट नाहीतर स्टेप ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत आणा. शुक्रवारी 30 ने तिथून करा आणि बाजूने व्हिडिओ काढा.

अभि८६:
हे मला माहीतच नव्हतं, मी अडीच-अडीचच्या प्लेट लावून जमिनीवरून करायचो आणि पाठ दुखायची. पण रॅकवाला, स्क्वॉटला सगळ्यांनीच अडीचने वाढवायचं का? माझे मित्र पाचने वाढवतात.

रॅकवाला:
सुरुवातीचे काही आठवडे स्क्वॉट-डेडलिफ्टला पाच चालतात काहींना, वजनदार तरुण पोरांना विशेषतः. 62 किलोच्या व्यक्तीला 30 वर पाच म्हणजे सहावा हिस्सा, मी अडीचच ठेवीन. मुक्ता कदाचित पाच म्हणतील.

मुक्ता:
म्हणेन. दोन सेशन सोपे गेले तर नक्कीच.

कोरी_पाटी:
शुक्रवार: स्क्वॉट 32.5, तिन्ही सेट एकसारखे. डेडलिफ्टला प्लेटखाली स्टेप ठेवल्या, 30 ला पाठ सरळ, 35 ला पण सरळ, 35 ला थांबले. तीन सेट 30 वर. सोमवारी डेडलिफ्टला 32.5 घेऊ का 35, कारण 35 चे पाच तर आजच नीट गेलेत?