शब्दचर्चा: मुक्तछंदातल्या ओळीला 'यती' असतो का?

रानजाई: माझ्या मुक्तछंदातल्या ओळी वाचून एकाने 'यतिभंग झालाय' असं कळवलं. इथे हा शब्द चालतो का? ओळी अशा:

आई भांडी घासून पदराला हात पुसत मागच्या दारात येऊन
बसली.
काही बोलली
नाही.

पोथीवाला: नाही चालत. यतिस्थान वृत्तात आधीच ठरलेलं असतं. मंदाक्रांतेत १७ अक्षरं, थांबा चौथ्यावर आणि दहाव्यावर. तिथे शब्द मधेच चिरला गेला की यतिभंग. मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची ते तुम्हीच ठरवता, मग भंग कशाचा? सरळ 'ओळ तोडणं' म्हणा.

झपझप: नियम सोपा आहे हो. ओळ लहान, वेग जास्त.

पोथीवाला: अर्धंच खरं. वाक्य ओळीबाहेर लोंबत असेल तर लहान ओळ नजरेला खाली ओढते. 'आणि मग / तिच्या / हातातून' भराभर वाचलं जातं. पण 'ऊन. / धूळ. / एक सायकल.' वाचताना प्रत्येक ओळीला थांबावंच लागतं.

रानजाईंची पहिली ओळ लांब असूनही धावते. घासून, पुसत, येऊन यांपैकी एकही रूप टेकू देत नाही. क्रियापद येईपर्यंत वाचणारा श्वास धरून असतो. तो 'बसली'वर सुटतो. कामाचा दिवसही तिथेच संपतो, म्हणून ही तोड मला पटते. 'येऊन बसली' एका ओळीत ठेवून मोठ्याने वाचा, 'बसली' गिळलं जाईल.

चहाटळ: माझ्या फोनवर पहिली ओळ 'पुसत'पाशीच तुटते! मला वाटलं तीच कवयित्रीची तोड.

रानजाई: अरे देवा. मग काय करायचं?

पोथीवाला: छापताना उरलेला भाग थोडा आत सरकवून खालच्या ओळीत घेतात, म्हणजे ती आधीचीच ओळ आहे हे कळतं. फोनसाठी तसं करता येत नसेल तर ओळीचं चित्र करून टाका. फक्त फोनपायी ओळ आखूड करू नका.

निंबोणी: मला 'बोलली / नाही' खटकतं. मराठीत नकार शेवटी येतो, त्याचा फायदा घेऊन क्षणभर चकवलंय. पहिल्यांदा दचकायला होतं, दुसऱ्या वाचनात नुसती युक्ती दिसते. मी 'काही / बोलली नाही' असं तोडलं असतं.

रानजाई: पण ती बोलेल असं मला खरंच वाटलं होतं. ते क्षणभर वाटणं वाचणाऱ्यालाही मिळावं म्हणून 'नाही' खाली आणलं.

पोथीवाला: दोन्ही तोडी चालतील. मात्र 'बसली' आणि 'नाही' असे दोन एकटे शब्द चार ओळींत आले की दोघांचाही जोर उतरतो. एकच ठेवायचा तर मी 'बसली' ठेवीन.

निंबोणी: मीही.

रानजाई: मी 'नाही' ठेवणार.